ऐकलेल्या अर्थाचा धनी कोण?

औंढा नागनाथला विसोबा खेचर आणि नामदेवांची गोष्ट सांगितली जात नाही असा सप्ताह विरळाच. गुरूच्या शोधात निघालेले नामदेव देवळात येतात. विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले असतात. नामदेवांना राग येतो आणि ते पाय बाजूला घ्यायला सांगतात. विसोबा म्हणतात, जिथे देव नाही तिथे तूच माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे नेतात, तर तिथेही पिंडी. हिंगोली जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही ही गोष्ट पाठ असते, कारण नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यात आणि औंढाही इथलंच.

आता याच जिल्ह्यातली एखादी मुलगी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संतसाहित्यावर पीएच.डी. करते आहे असं समजू. तिच्या प्रबंधात एक वाक्य येतं: ‘विसोबांनी नामदेवांना देवाच्या सर्वव्यापकतेचा अनुभव शब्दांनी न देता कृतीतून दिला.’ वाक्य चांगलं आहे, नेटकं आहे. पण ते कोणाचं? गाथ्यातल्या अभंगाचं, महिपतीचं, एखाद्या छापील टीकेचं, लहानपणी गावच्या सप्ताहात ऐकलेल्या महाराजांचं, की तिचं स्वतःचं? वाक्य वाचून हे कळत नसेल, तर ते शब्दशः कुठूनही उचललेलं नसलं तरी हिशेब चुकलेला आहे.

संतसाहित्यावर लिहिणाऱ्यांची खरी अडचण इथे असते. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवणारे थोडे असतात, आणि ते पकडलेही जातात. बहुतेकांच्या हातून होतं ते वेगळंच. टीकाकाराचा अर्थ आपल्या शब्दांत लिहिला की तो आपला झाला असं त्यांना वाटतं. आणि गुरूकडून ऐकलेला अर्थ तर मुळातच सगळ्यांचा, त्याला कसला संदर्भ द्यायचा, असंही वाटतं. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

नियम काय सांगतो

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याबाबतची नियमावली काढली. तिच्यात वाङ्मयचौर्याची व्याख्या करताना दुसऱ्याचं लेखन आणि दुसऱ्याची कल्पना अशा दोन्ही गोष्टी घेतल्या आहेत. म्हणजे शब्द बदलल्याने सुटका होत नाही. कल्पना ज्याची आहे त्याचं नाव नसेल तर दोष राहतोच.

याच नियमावलीत साम्याच्या पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य निघालं तर विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना सुधारित प्रबंध सादर करण्यावर एक वर्षाची बंदी आहे आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत घेतलेला, संदर्भ दिलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हेही वगळले जातात. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारी शब्दावली सलग चौदा शब्दांपर्यंत धरायची नाही, अशीही तरतूद आहे.

या आकड्यांनी एक चुकीची सवय लागली. विद्यार्थी प्रबंध ‘दहाच्या खाली आणायला’ बसतात. चौदा शब्द झाले की मधला एक बदलायचा, वाक्य फिरवायचं, क्रियापद मागेपुढे करायचं. यंत्र अक्षरांचं साम्य मोजतं. अर्थ कोणाकडून आला हे त्याला कळत नाही. छापलेली पण संगणकावर न आलेली सांप्रदायिक टीका, हिंदीतून मराठीत आणलेलं विवेचन आणि कीर्तनात ऐकलेलं निरूपण या तिन्ही ठिकाणी यंत्र गप्प बसतं. त्यामुळे अहवालावर दोन टक्के लिहून आलेला प्रबंधही उसन्या अर्थाने भरलेला असू शकतो. उलट, गीतेच्या श्लोकाचा साधा शब्दार्थ देणारं पान लाल होऊन येतं आणि त्यात चोरी काहीच नसते.

जुन्यांनी श्रेय कसं दिलं

‘आपल्या परंपरेत कुठे होती ही संदर्भांची भानगड?’ असं विद्यार्थीच नाही, काही मार्गदर्शकही म्हणतात. परंपरेची पोथी उघडली तर हे म्हणणं टिकत नाही.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. ग्रंथाच्या शेवटी ते आदिनाथांपासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी गुरुपरंपरा सांगतात. आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, असंही ते सांगतात. लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही नाव तिथे आहे. मूळ ग्रंथकार, आधीचे टीकाकार, शिकवणारा गुरू आणि लेखनिक अशा चौघांची दखल झाली.

महिपतीने तर याहून नेमकं काम केलं. 1762 च्या ‘भक्तविजया’च्या आरंभीच त्याने सांगून टाकलं की संतांची ही चरित्रं मी माझ्या पदरचं सांगत नाही, उत्तरेत नाभाजींनी आणि इकडे उद्धवचिद्घनांनी जे लिहिलं त्याच्या आधारे सांगतो. विसोबा-नामदेवांची गोष्ट मराठी घरांत पोचली ती मुख्यतः याच ग्रंथातून, आणि त्या ग्रंथाच्या दारातच स्रोतांची पाटी आहे.

एकनाथांनी श्रेय आपल्या सहीतच गुंफलं. ‘एका जनार्दनी’ या मुद्रेत शिष्याचं नाव एकट्याने येत नाही, गुरूचं नाव बरोबर येतं. हेच एकनाथ 1584 साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करतात, तेव्हा वाचकांना बजावतात की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. तसं करणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. दुसऱ्याच्या ग्रंथात आपलं मिसळणं आणि आपल्या ग्रंथात दुसऱ्याचं मिसळणं ही एकाच दोषाची दोन टोकं आहेत. तीनशे वर्षं लोकांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत ओव्या घातल्या होत्या, म्हणून तर एकनाथांना हे काम करावं लागलं.

पण जुन्या पद्धतीच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. ज्ञानेश्वरांनी ‘भाष्यकार’ म्हटलं, नाव घेतलं नाही. सामान्यतः ते शंकराचार्य मानले जातात, तरी यावर अभ्यासकांना वाद घालावा लागला. मुद्रेची अडचण तर नर्सीच्या माणसाला जास्त जवळची आहे. ‘नामा म्हणे’ असं म्हणणारे एकापेक्षा जास्त आहेत. नामदेवांनंतर दोन-अडीच शतकांनी, एकनाथांच्या काळात, विष्णुदास नामा होऊन गेला. त्याच्या आणि इतर नामांच्या रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या. कीर्तनकारांच्या बाडांतून आणि मुखपाठातून अभंग चालत आले, आणि ज्याची मुद्रा मोठी त्याच्या नावावर ते जमा होत गेले. ख्रिश्चन ली नॉव्हेत्स्की या अमेरिकी अभ्यासकाने 2008 च्या आपल्या नामदेवांवरच्या ग्रंथात या बाडांचा आणि कीर्तनातून घडणाऱ्या कर्तृत्वाचा सविस्तर विचार केला आहे.

यातून निघतं ते असं: परंपरा श्रेय देत होती, पण तपासणीची सोय ठेवत नव्हती. विद्यापीठ परंपरेच्या कृतज्ञतेत एवढीच भर घालायला सांगतं की कोण हे सांगितलंत, आता कुठे, केव्हा आणि कोणत्या पाठात हेही सांगा, म्हणजे दुसऱ्याला जाऊन पाहता येईल.

तीन थर वेगळे करणं

टीकेचं पान उघडलं की त्यावर साधारण तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला शब्दार्थ किंवा अन्वयार्थ: ओवीतल्या शब्दांचा सरळ अर्थ. दुसरा भावार्थ: ओवीचं तात्पर्य, जे बहुतेक सांप्रदायिक टीकांत थोड्याफार फरकाने सारखं सापडतं. तिसरं विवरण: त्या टीकाकाराने स्वतः जोडलेला दृष्टान्त, दुसऱ्या ग्रंथाशी घातलेली सांगड, त्याला सुचलेला वेगळा अर्थ.

शब्दार्थावर कोणाची मालकी नसते. दोन प्रामाणिक माणसांनी एकाच ओवीचा शब्दार्थ लिहिला तर वाक्यं जुळणारच. तिथे कोणत्या कोशाचा किंवा सार्थ प्रतीचा आधार घेतला हे प्रकरणाच्या आरंभी एकदा सांगितलं की पुरतं. फक्त एखाद्या अडणाऱ्या शब्दाचा अर्थ एकाच संपादकाने वेगळा लावला असेल, तर त्याचं नाव त्या जागी हवं.

भावार्थाला पारख लागते. एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन-तीन टीका काढून पाहाव्यात. साखरे परंपरेची सार्थ ज्ञानेश्वरी, सोनोपंत दांडेकरांची प्रत आणि एखादी तिसरी टीका यांत तोच भाव सापडला, तर ‘सांप्रदायिक टीकांमध्ये सर्वसाधारणपणे असा अर्थ केला जातो’ असं लिहून त्यांपैकी एक-दोन नावं द्यावीत. एकाच ठिकाणी सापडला, तर तो अर्थ त्या एका माणसाचा आहे आणि त्याचं नाव वाक्यातच यायला हवं.

विवरणाच्या बाबतीत सूट नाही. मराठी टीकेत दृष्टान्त हा टीकाकाराचा खरा ऐवज. शब्द सगळे बदलले, पण दृष्टान्त तेच ठेवले आणि तेही त्याच क्रमाने, तर ती उचल आहे. जाणकार परीक्षक ती ओळखतो तो याच खुणेवरून: प्रबंधातल्या परिच्छेदाची चाल टीकेच्या परिच्छेदाच्या पावलावर पाऊल टाकून जाते आणि वळणंही त्याच जागी घेते.

इथेच प्रतींचाही प्रश्न येतो. राजवाड्यांनी 1909 साली छापलेली ज्ञानेश्वरी आणि एकनाथी परंपरेच्या प्रती यांत पाठ वेगळे आहेत आणि ओव्यांचे क्रमांकही जुळतीलच असं नाही. नामदेव गाथ्याचं तसंच. 1970 च्या शासकीय गाथ्यातला अभंग क्रमांक दुसऱ्या गाथ्यात त्या जागी सापडणार नाही. म्हणून नुसता अध्याय, ओवी किंवा अभंगाचा आकडा दिला तर संदर्भ अर्धाच राहतो. कोणती प्रत, हे लागतंच.

आणखी एक चूक फार दिसते. दांडेकरांच्या प्रतीतली टीप वाचायची आणि संदर्भ थेट शांकरभाष्याचा द्यायचा. भाष्य हाती घेतलेलं नसतं. अशा वेळी शंकराचार्यांचं मत अमुक प्रतीत उद्धृत केल्याप्रमाणे, असं स्पष्ट लिहावं. मराठी भाषांतर वाचलं असेल तर भाषांतरकाराचंही नाव द्यावं, कारण शंकराचार्यांचं म्हणून जे वाक्य आपण सांगतो ते मराठीत त्याने घडवलेलं असतं.

एक परिच्छेद, तीन रूपं

आता औंढ्याच्या गोष्टीवरच काम करून पाहू. एखाद्या कीर्तनात ऐकायला मिळेल अशा धाटणीचा एक उतारा या लेखासाठी रचला आहे:

‘नामदेवाला वाटायचं, देव पंढरीच्या विटेवर उभा आहे आणि बाकीचं जग मोकळं पडलंय. विसोबा काय म्हणाले? शोध बाबा मोकळी जागा. नामदेवानं पाय उचलले, इकडे ठेवले, तिकडे ठेवले. जागा सापडेना. उपदेश विसोबांनी तोंडानं केलाच नाही. तो नामदेवाच्या हातांकडून करवून घेतला.’

एका विद्यार्थ्याने त्याचं ‘स्वतःच्या शब्दांत’ केलेलं रूप असं असू शकतं:

‘नामदेवांची अशी धारणा होती की परमेश्वर पंढरपूरच्या विटेवर उभा असून उर्वरित विश्व रिक्त आहे. विसोबांनी त्यांना रिक्त स्थान शोधण्यास सांगितले. नामदेवांनी चरण उचलून विविध ठिकाणी ठेवले, परंतु स्थान सापडले नाही. अशा प्रकारे उपदेश मुखाने न होता नामदेवांच्या हस्ते झाला.’

इथे झालं काय? पाय होते त्यांचे चरण झाले, मोकळं होतं ते रिक्त झालं, तोंडाचं मुख झालं. वाक्यं तीच, क्रम तोच, शेवटची कलाटणीही तीच. देशी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द ठेवला की भाषा प्रबंधाची वाटते, म्हणून ही पद्धत मराठीत फार बोकाळली आहे. साम्य तपासणारं यंत्र याला बहुधा सोडून देईल. शिवाय अर्थही बिघडला. ‘नामदेवांच्या हस्ते’ म्हटल्यावर उपदेशाचं उद्घाटन झाल्यासारखं वाटतं. उताऱ्याचा मुद्दा होता की शिष्याच्या हातांना आधी कळलं. तो इथे हरवला. शब्दाला शब्द ठेवणाऱ्याला मूळ उतारा कळलेला नसला तरी चालून जातं, आणि ही या पद्धतीची मोठी खोड आहे.

नीट केलेलं रूप असं होईल:

‘या प्रसंगात गुरू सिद्धान्त सांगत नाही. तो शिष्याला एक न होणारं काम देतो, आणि ते होत नाही यातूनच शिष्याला देवाच्या व्यापकतेची जाणीव होते, असा अर्थ औंढा नागनाथ येथील कीर्तनात (इथे कीर्तनकाराचं नाव आणि दिनांक) मांडला गेला. भक्तविजयातल्या कथेत पिंडी पुन्हा पुन्हा प्रकट होण्याचा चमत्कार आहे. या निरूपणात मात्र भर चमत्कारावर नसून नामदेवांच्या कृतीवर आहे. कीर्तनपरंपरा चरित्रग्रंथातली कथा जशीच्या तशी न सांगता तिचा रोख बदलते, याचं हे उदाहरण मानता येईल.’

या परिच्छेदात कोणाचं काय आहे ते वाचतानाच कळतं. पहिला अर्थ कीर्तनकाराचा, नावानिशी. दुसरी माहिती महिपतीची, ग्रंथानिशी. शेवटचं वाक्य अभ्यासकाचं. ‘मांडला गेला’ आणि ‘मानता येईल’ या दोन क्रियापदांनी मालकी बदलल्याची वर्दी दिली आहे. मराठीत ‘असे म्हटले आहे’, ‘असे दिसते’, ‘असे मानले जाते’ ही कर्ता लपवणारी वाक्यं सवयीने येतात. संतसाहित्यावर लिहिताना प्रत्येक ‘असे म्हटले आहे’पुढे ‘कोणी?’ हा प्रश्न ठेवावा.

हे साधायचं कसं? उतारा दोनदा वाचावा, पुस्तक किंवा वही मिटावी, आणि तो अर्थ समोर बसलेल्या माणसाला सांगतोय अशा बोलीत मोठ्याने सांगावा. बोलताना टीकाकाराची वाक्यरचना आपोआप सुटते. अडखळलो तर अर्थ कळलेला नाही, पुन्हा वाचावं. सांगून झाल्यावर लिहावं, आणि मग मूळ उघडून तीन गोष्टी ताडाव्यात: टीकाकाराचे खास शब्द आलेत का, मुद्द्यांचा क्रम तोच आहे का, दृष्टान्त तोच आहे का. खास शब्द हवाच असेल तर अवतरणचिन्हांत घ्यावा. आणि एखादं वाक्य इतकं नेमकं असेल की बदलल्याने बिघडतंच, तर ते बदलू नये. अवतरण म्हणून तसंच द्यावं.

ऐकलेल्या शिकवणीचं श्रेय

पुस्तकाला निदान पृष्ठ क्रमांक असतो. कीर्तन, प्रवचन, मठातला पाठ, गुरूंशी झालेलं बोलणं यांचं काय करायचं?

प्रचलित पद्धत अशी की महाराजांचं नाव ऋणनिर्देशात मोठ्या आदराने घ्यायचं, ‘ज्यांच्या कृपाशीर्वादाने’ वगैरे लिहायचं, आणि पुढच्या प्रकरणांत त्यांनी लावलेले अर्थ नावाशिवाय वापरायचे. हा आदर खरा असेल, पण हे श्रेय नव्हे. ऋणनिर्देश सांगतो की मदत झाली. कोणती कल्पना कोणाची, हे तो सांगत नाही. ज्या पानावर अर्थ आला त्याच पानावर नाव यायला हवं. आणि वाङ्मयचौर्याची तपासणी करताना ऋणनिर्देश वगळला जातो, हे आपण पाहिलंच.

‘महाराज स्वतःच म्हणतात, माझं काही नाही, सगळं माउलींचं’ असा युक्तिवाद यावर होतो. महाराजांनी नम्रतेने मालकी सोडली म्हणून ती विद्यार्थ्याला मिळत नाही. कायदाही प्रवचनाला वाऱ्यावर सोडत नाही: 1957 च्या कॉपीराइट कायद्यात व्याख्यानाच्या व्याख्येत भाषणाबरोबर धार्मिक प्रवचनही धरलेलं आहे. आणि कॉपीराइटची मुदत, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं, संपली तरी श्रेय देण्याची जबाबदारी संपत नाही. जुनी टीका छापायला मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ.

संदर्भ द्यायचा तर नोंद त्याच दिवशी झालेली हवी. कोण बोललं, ते कोणत्या फडाचे किंवा परंपरेचे, गाव आणि जागा, दिनांक, प्रसंग कोणता (सप्ताह, पुण्यतिथी, मठातला पाठ की खाजगी बोलणं), कोणत्या अभंगावर किंवा ओवीवर निरूपण होतं, आणि आपण ध्वनिमुद्रण केलं की वहीत टिपलं. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण अवतरणचिन्हं वापरायची की नाही हे तिच्यावर ठरतं. ध्वनिमुद्रण असेल तर महाराजांचे शब्द अवतरणात घेता येतात. वहीतली टिपणं असतील तर ते आपले शब्द आहेत. त्यांना अवतरणचिन्हं लावून महाराजांच्या तोंडी घालणं म्हणजे उलट्या दिशेची लबाडी. कीर्तनाची चित्रफीत सगळ्यांना पाहता येईल अशी उपलब्ध असेल, तर तिचाच संदर्भ मिनिट-सेकंदासह द्यावा, कारण वाचकाला ती तपासता येते.

परवानगीचा भेद लक्षात ठेवावा. शेकडो लोकांसमोर झालेलं कीर्तन सार्वजनिक आहे. त्याचा संदर्भ द्यायला हरकत नसते, तरी ध्वनिमुद्रणासाठी विचारणं रीतीचं. मठात मोजक्या शिष्यांना शिकवलेलं, अनुग्रहाच्या वेळी सांगितलेलं, किंवा विश्वासाने बोललेलं हे मात्र विचारल्याशिवाय प्रबंधात येऊ नये. ‘नाही’ म्हटलं गेलं तर तो भाग सोडावा. नाव लपवून तोच अर्थ आपला म्हणून लिहिणं हा त्यावरचा उपाय नाही.

संदर्भाच्या रूढ पद्धतींना हा प्रकार नीट पेलत नाही, हेही खरं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत मुलाखत, पत्र किंवा प्रत्यक्ष संवाद ‘वैयक्तिक संभाषण’ म्हणून मजकुरातच कंसात येतो. वाचकाला तो मिळवता येत नाही म्हणून संदर्भसूचीत त्याला जागा नसते. म्हणजे चाळीस वर्षं ज्ञानेश्वरी सांगणारे महाराज आणि दूरध्वनीवर वेळ विचारणारा कारकून एकाच रकान्यात. कॅनडात आदिवासी समाजांच्या ज्येष्ठांबाबत हीच तक्रार उभी राहिली. तिथल्या लोरिसिया मॅक्लाउड या ग्रंथपालांनी नॉर्क्वेस्ट महाविद्यालयासोबत वेगळे नमुने तयार केले आणि 2021 साली ते शोधलेखातून मांडले. या नमुन्यांत ज्येष्ठांची नोंद संदर्भसूचीतच होते, आणि नावासोबत त्यांचा समाज, त्यांचा प्रदेश आणि शिकवणीचा विषय येतो.

हा साचा वारकरी परंपरेला सहज बसतो. मार्गदर्शकांशी बोलून संदर्भसूचीत ‘मौखिक स्रोत’ असा वेगळा भाग करावा आणि त्यात प्रत्येक नोंद एकाच क्रमाने द्यावी: कीर्तनकाराचं नाव, परंपरा किंवा फड, निरूपणाचा विषय आणि अभंग किंवा ओवी, प्रसंग, गाव, तालुका, जिल्हा, दिनांक, ध्वनिमुद्रण की टिपण, परवानगीचं स्वरूप. ‘ह.भ.प.’ ही उपाधी नोंदीत ठेवायची तर सगळ्यांना ठेवावी, नाहीतर कोणालाच नको. एकाला ठेवून दुसऱ्याला गाळलं की सूचीतही मानपान सुरू होतो.

शेवटची तपासणी सगळ्यांत कष्टाची. महाराजांनी सांगितलेला अर्थ त्यांचाच आहे का? पुष्कळदा तो त्यांना गुरूंकडून आलेला असतो, आणि गुरूंनी तो छापील टीकेतून घेतलेला असतो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत 1917 पासून कीर्तनकार घडताहेत. तिथे एकच पाठ शिकलेले अनेक जण गावोगाव तोच दृष्टान्त सांगताना ऐकू येतात. अशा वेळी महाराजांनाच विचारावं, हे आपलं की गुरूंकडून आलेलं? बहुतेक जण आनंदाने परंपरा सांगतात. मग सांप्रदायिक टीका चाळाव्यात. छापील रूप सापडलं तर दोन्ही नावं द्यावीत: मुद्रित रूप अमुक टीकेत, प्रस्तुत अभ्यासकाने ऐकलं ते अमुक ठिकाणी. सापडलं नाही तर तसंच लिहावं. कीर्तनात सांगितलेला अभंगही गाथ्यात शोधून पाहावा. तुकोबांच्या नावावर म्हटलेला अभंग गाथ्यात नसणं, किंवा नामदेवांचा म्हणून ऐकलेला अभंग विष्णुदास नाम्याचा निघणं, यात नवल काही नाही. अशी चूक सापडली तर ती कीर्तनकाराच्या माथी मारण्याचं कारण नाही. ‘कीर्तनात नामदेवांचा म्हणून सादर’ एवढं नोंदवून गाथ्याचा निर्वाळा शेजारी द्यावा.

प्रबंध जमा करण्याआधी एक प्रकरण छापून घ्या आणि पेन्सिलीने प्रत्येक वाक्याच्या समासात एकच अक्षर लिहा: मूळ ग्रंथाचं असेल तर ‘मू’, टीकेचं असेल तर ‘टी’, ऐकलेलं असेल तर ‘ऐ’, आणि स्वतःचं असेल तर ‘मी’. ज्या वाक्यापुढे अक्षर लिहिताना हात थांबेल, त्याचा संदर्भ राहिलेला आहे. आणि सगळं प्रकरण तपासून एकही ‘मी’ आला नसेल, तर उचल झालेली नसली तरी संशोधनही झालेलं नाही. ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्यावं.